पैसे कापले गेले, पण दुकानात आलेच नाहीत: क्यूआरच्या भांडणाचा माग कसा काढायचा

मी सहा-सात दुकानांचे हिशेब लिहितो. त्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात अधूनमधून एकच रड असायची. गिऱ्हाईक म्हणायचं पैसे पाठवले, आणि दुकानाचा स्पीकर गप्प. शेठ कधी 'सर्व्हर डाऊन असेल' म्हणून सोडून द्यायचे, कधी समोरच्याला सरळ खोटं पाडायचे. कुठल्या दिवशी काय होणार हे दुकानात किती गर्दी आहे त्यावर ठरायचं. एका शनिवारी संध्याकाळी मी बिलं घ्यायला तिथं गेलो होतो आणि हा सगळा प्रकार डोळ्यांसमोर घडला. त्या दिवशी कारण सापडलं, आणि ते सर्व्हरमध्ये नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणजे साठीच्या आसपासचे एक काका. सिंकचा मिक्सर नळ 1,250 रुपये, दोन अँगल कॉक 560 आणि टेफलॉन टेप 30, असे 1,840 झाले. त्यांनी फोन काढला, स्कॅन केलं, पिन टाकला आणि पिशवी उचलली.

"काका, थांबा जरा. आवाज नाही आला."

"अहो शेठ, गेले की. हे बघा, हिरवं आलंय."

"हिरवं तुमच्याकडं आलंय. माझ्याकडं कुठाय?"

काकांनी फोन पुढं धरला. शेठनी नजर टाकली. हिरवी खूण, रक्कम 1,840, वेळ 7:42. नावही पाहिलं आणि म्हणाले, "नाव तर आमचंच आहे." मग स्वतःच्या ॲपची यादी वर-खाली केली. 7:42 ला काहीच नव्हतं. 7:38 ला 90 रुपये आणि 7:45 ला 410, दोन्ही दुसऱ्यांचे.

मागं चार माणसं उभी. एकजण हळूच म्हणाला, हल्ली खोटी ॲपं निघालीत. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी बँकेचा मेसेजही दाखवला, खात्यातून 1,840 वजा. शेठ म्हणाले, मेसेज काय कुणीही बनवतो.

इथं थोडं थांबून एक सांगतो, कारण निम्मी भांडणं याच ठिकाणी पेटतात. 'पैसे कापले गेले' आणि 'पैसे जमा झाले' या दोन वेगळ्या घटना आहेत. यूपीआयमध्ये आधी पाठवणाऱ्याच्या बँकेतून रक्कम वजा होते, मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत घेणाऱ्याच्या बँकेला ती जमा करायचा निरोप जातो, आणि त्या बँकेचा होकार परत फिरून गिऱ्हाइकाच्या फोनवर येतो. म्हणून वजा झाल्याचा मेसेज खरा असला तरी तुमच्या खात्यात आले हे त्यानं सिद्ध होत नाही. उलटही तितकंच खरं. तुमचा स्पीकर बोलला नाही म्हणून समोरचा खोटा ठरत नाही. स्पीकरच्या आत मोबाइलसारखंच सिमकार्ड असतं. त्याची रेंज गेली, चार्जिंग संपलं किंवा तो भलत्याच क्यूआरला जोडलेला असला तर पैसे येऊनही तो मुकाच राहतो. स्पीकर ही सोय आहे. त्याला साक्षीदार धरू नका.

मग साक्षीदार कोण? दोन ओळी. दोन्ही गिऱ्हाइकाच्या फोनवर असतात, पण हिरव्या खुणेच्या पडद्यावर नाही. त्यासाठी ॲपच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत जाऊन तोच व्यवहार उघडावा लागतो. फोन आपल्या हातात घेऊ नका, त्यांनाच उघडायला सांगा. फोन हिसकावल्यासारखा घेतला की पुढचं सगळं बिनसतं.

पहिली ओळ यूटीआरची. हा बारा आकडी नंबर असतो, त्यात फक्त आकडे असतात. पडद्यावर तो `UTR`, `UPI Ref No.` किंवा `UPI transaction ID` अशा कुठल्याही नावानं दिसेल. त्याच्या वर-खाली आणखी एक लांबलचक नंबर असतो, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. तो ॲपचा स्वतःचा नंबर. घाईत लोक तोच वाचून दाखवतात, तो दुकानदाराकडं सापडत नाही, आणि संशय वाढतो. बारा आकडी नंबर मात्र दोन्ही बाजूंना सारखाच असतो. तुमच्या व्यापारी ॲपमध्ये प्रत्येक जमा रकमेवर टिचकी मारली की तो दिसतो, आणि पैसे थेट खात्यात पडत असतील तर बँकेच्या उताऱ्यातही असतो. शेवटचे चार आकडे जुळवले तरी गल्ल्यावर काम भागतं.

दुसरी ओळ म्हणजे पैसे कुणाला गेले. इथं नाव असतं आणि त्याच्याखाली यूपीआयचा पत्ता, म्हणजे मध्ये `@` असलेला. लोक नाव वाचतात आणि थांबतात. पत्ता वाचायचा असतो.

काकांना मी यादी उघडायला सांगितली. त्यांना चष्मा सापडेना, मग मागच्याच एका पोरानं मदत केली. यूटीआर निघाला. शेठच्या ॲपमध्ये तो नव्हता, हे आधीच दिसलं होतं. मग मी पत्ता वाचायला सांगितला. काकांनी एकेक अक्षर वाचलं, आणि शेठचा हात काउंटरवर होता तिथंच राहिला.

"हा तर नानांचा आहे."

नाना म्हणजे शेठचे वडील. आडनाव अर्थातच तेच. शेठनी हिरव्या पडद्यावर घाईघाईत आडनाव पाहिलं होतं आणि 'आमचंच' म्हणून मोकळे झाले होते. एका अर्थी आमचंच होतं ते. फक्त ते दुकानाचं चालू खातं नव्हतं, नानांचं घरचं बचत खातं होतं.

आता प्रश्न, काकांनी नानांचा क्यूआर आणला कुठून? तो शोधायला फार लांब जावं लागलं नाही. खिळे तोलायच्या काट्याशेजारी, काउंटरच्या काचेवर, एक पिवळा पडलेला स्टिकर होता. दुकानात पहिल्यांदा क्यूआर लावला तेव्हा नाना गल्ल्यावर बसायचे आणि तो त्यांच्याच खात्याचा होता. पुढं शेठनी दुकानाच्या नावे नवा क्यूआर घेतला, स्टँडवर लावला, स्पीकर आणला. जुना स्टिकर कुणीच काढला नाही. त्याच्यावर उधारीची वही ठेवलेली असायची. शनिवारी गर्दी झाली, वही हातात गेली, स्टँड दुसऱ्या गिऱ्हाइकापुढं सरकलेला असला, की लोक समोर दिसेल तो चौकोन स्कॅन करायचे. म्हणूनच ही रड शनिवारी आणि सणाच्या आधी जास्त असायची. शेठ म्हणायचे त्या दिवशी सर्व्हरवर ताण येतो. ताण वहीवर येत होता.

नानांना फोन लावला. त्यांनी मेसेज पाहिला, 7:42, 1,840 जमा, शेवटचे चार आकडे जुळले. काका काही बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि गेले. शेठनी माफी मागितली, पण ती चार माणसांसमोर मागायला हवी होती. तोवर ती चार माणसं निघून गेली होती.

तुमच्याकडं हे वरचेवर होत असेल तर पहिली तपासणी हीच करा, आणि ती दुकान उघडं असताना नाही, बंद करताना. काउंटर, भिंत, दार, गल्ल्याचं झाकण, बिलबुकाचं पुठ्ठा-कव्हर, डिलिव्हरीच्या पोराच्या फोनच्या मागची बाजू, जिथं म्हणून क्यूआर आहे तो प्रत्येक स्कॅन करा. पैसे पाठवायच्या ॲपनं एकेकाला एक रुपया पाठवून पाहणं हा सर्वांत सोपा मार्ग. ज्याचा एक रुपया दुकानाच्या यादीत दिसला नाही तो क्यूआर काढून टाका.

एक रुपयाही न खर्चता बघायचं असेल तर फोनमधल्या साध्या क्यूआर वाचकानं स्कॅन करा. आत असा मजकूर दिसेल:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Hardware%20Store&cu=INR
```

यातला `pa` हा पत्ता, पैसे त्याच पत्त्यावर जातात. `pn` म्हणजे नाव, आणि ते क्यूआर बनवणाऱ्यानं टाकलेलं असतं. म्हणजे कुणी स्वतःचा पत्ता आणि तुमच्या दुकानाचं नाव घालून क्यूआर छापला तर नावावरून काही कळणार नाही. रात्री दुकानाबाहेरच्या क्यूआरवर आपला स्टिकर चिकटवून जाणारे भामटे याच गोष्टीवर जगतात. म्हणून बाहेर लावलेल्या क्यूआरच्या कडेवरून रोज सकाळी नख फिरवा. दोन थर लागले तर समजा. गिऱ्हाइकानं स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी त्याच्या ॲपवर खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. ते त्याला मोठ्यानं वाचायला सांगायची सवय शेठनी आता लावून घेतली आहे. लोकांना सुरुवातीला विचित्र वाटतं, पण दोन सेकंदांचं काम आहे.

पत्ताही तुमचाच निघाला आणि तरी यादीत नोंद नाही, असं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा गिऱ्हाइकाच्या फोनवरची स्थिती नीट वाचायची. तिथं यशस्वी, अयशस्वी किंवा प्रक्रियेत यांपैकी एक लिहिलेलं असतं. अयशस्वी असेल आणि पैसे वजा झाले असतील तर ते उलटे त्यांच्याच खात्यात जातात, बहुतेक वेळा थोड्याच वेळात. ही रक्कम तुमच्याकडं येणारच नाही, तेव्हा दुसऱ्यांदा पैसे मागायला हरकत नाही. प्रक्रियेत असेल तर मात्र दोघांनीही हात आवरावेत. वजा झालेत, पण समोरच्या बँकेचं उत्तर आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते पुढंही जातील किंवा मागंही फिरतील. या मधल्या वेळात गिऱ्हाइकानं पुन्हा स्कॅन केलं आणि पहिले पैसेही पोचले, की दुहेरी रक्कम आणि नवं भांडण. आणि क्वचित असंही होतं की फोनवर हिरवं आलेलं असतं, पण तुमच्या यादीत नोंद उशिरा पडते. म्हणून एकदा ॲप बंद करून उघडा, तारखेची चाळणी आजची आहे का ते पाहा, दोन दुकानं एकाच ॲपवर असतील तर भलतं दुकान उघडलेलं नाही ना ते पाहा. यात मी तीन दुकानदार सापडलेले पाहिलेत.

बँकेच्या मेसेजची वाट मात्र बघत बसू नका. बऱ्याच व्यापारी क्यूआरचे पैसे आधी सेवा देणाऱ्या कंपनीकडं गोळा होतात आणि नंतर एकगठ्ठा खात्यात येतात. त्यामुळं 1,840 असा वेगळा मेसेज तुम्हाला येणारच नाही, दुसऱ्या दिवशी 14,000-15,000 ची एकच ओळ दिसेल. छोट्या रकमेचे मेसेज काही बँका पाठवतही नाहीत. खरी जागा व्यापारी ॲपची यादी, बाकी सगळं ऐकीव.

अशा वेळी माल द्यायचा की नाही? हा माझ्या मते ओळखीचा प्रश्न आहे, तंत्राचा नाही. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर उधारीच्या वहीत यूटीआर, वेळ आणि रक्कम लिहा आणि जाऊ द्या. अनोळखी असेल तर माल बाजूला काढून ठेवा, चिठ्ठीवर त्याचा मोबाइल नंबर आणि यूटीआर लिहून एक प्रत त्याला द्या. रोख द्यायला तो तयार असेल तर घ्या, पण चिठ्ठीवर 'ऑनलाइन आल्यास परत' असं लिहून सही करा. ही एक ओळ लिहिली की समोरच्याचा आवाज खाली येतो, हे मी पाहिलंय.

परत करताना एक जपा. व्यापारी ॲपमध्ये त्याच व्यवहारावर परताव्याची सोय असेल तर तीच वापरा, म्हणजे पैसे आले त्याच खात्यात जातात. 'माझ्या ह्या दुसऱ्या नंबरवर टाका' असं कुणी फोनवरून सांगितलं तर टाकू नका. आणि कुणीही आग्रह केला तरी आपल्या यादीत रक्कम दिसल्याशिवाय 'जास्त आलेले' पैसे परत करायचे नाहीत. फसवणुकीचा हा जुना धंदा आहे.

खोट्या ॲपबद्दल थोडक्यात. हुबेहूब हिरवा पडदा दाखवणारी ॲपं खरोखर आहेत, काहींमध्ये खोटी यादीही असते. त्यामुळं गिऱ्हाइकाचा फोन कितीही निरखला तरी निकाल लागत नाही. शिल्लक दाखवा, पिन टाका असलं काही सांगायच्या भानगडीत पडू नका. यूटीआर लिहून घ्या. खरा असेल तर तो कुठं ना कुठं जुळतो, मग नानांच्या खात्यात का होईना. भामटा बहुधा नंबर आणि मोबाइल लिहून द्यायच्या आधीच काही तरी काम आठवून निघतो. नक्कीच फसवणूक झाली असेल तर 1930 वर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढं सरकतात.

आता प्रक्रियेत अडकलेल्या पैशांची मुदत. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2019 मध्ये काढलेल्या नियमाप्रमाणं, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे वजा झाले पण जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप उलटायला हवेत. दुकानदाराला व्यापारी क्यूआरवर पाठवले आणि दुकानात पुष्टीच पोचली नाही, तर ही मुदत व्यवहारानंतर पाच दिवस. त्यापुढं दर दिवसाला 100 रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळायला हवी. तक्रार गिऱ्हाइकानंच करायची असते, कारण पैसे त्याच्या खात्यातून गेलेत. आधी ज्या ॲपवरून पाठवले त्याच्यात तोच व्यवहार उघडून, मग स्वतःच्या बँकेत. 30 दिवसांत बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. दुकानदारानं बँकेत फेऱ्या मारून फारसं हाती लागत नाही, हे गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगा, नाहीतर त्याला वाटतं तुम्ही टाळताय.

चुकीच्या क्यूआरवर गेलेल्या पैशांना मात्र हा नियम लागू नाही. तो व्यवहार यशस्वीच झालेला असतो, फक्त भलतीकडं. ते पैसे त्या खातेदाराच्या संमतीनंच परत येतात. शेठचं नशीब की भलतीकडं म्हणजे घरातच होतं.

घरातच असलं तरी माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. रविवारी नानांच्या खात्याचा चार महिन्यांचा उतारा काढला आणि अनोळखी जमा रकमा एकेक करून दुकानाच्या बिलांशी लावल्या. अकरा सापडल्या. म्हणजे अकरा वेळा दुकानाची विक्री नानांच्या घरच्या खात्यात पडली होती. त्यातल्या सात वेळा कुणी काही बोललंच नव्हतं, स्पीकर वाजला नाही हे गर्दीत लक्षातच आलं नाही. या रकमा विक्रीत धरून जीएसटीच्या हिशेबाशी जुळवायला माझा अख्खा दिवस गेला. वडिलांच्या खात्यातून तेवढे पैसे दुकानाच्या खात्यात वळते केले आणि वहीत प्रत्येकाचा यूटीआर लिहिला. उद्या कुणी विचारलं तर उत्तर असावं.

बाकीच्या चार वेळा भांडण झालं होतं. एक काकांचं. दोघा ओळखीच्यांना शेठनी 'सर्व्हर डाऊन असेल' म्हणून सोडून दिलं होतं. चौथी रक्कम 320 रुपयांची. शेठना ती आठवली. एक पोरगा होता, वायर आणि होल्डर घेतले होते. त्याला 'स्क्रीनशॉट दाखवून फसवतोस का' असं म्हटलं होतं आणि त्यानं मुकाट्यानं पुन्हा रोख 320 दिले होते. उताऱ्यात त्याचं नाव होतं, पण नंबर कुणाकडंच नव्हता. शेठनी 320 रुपये पाकिटात घालून, वर नाव लिहून गल्ल्यात ठेवले.

काचेवरचा स्टिकर ब्लेडनं खरवडला. गोंदाचा चौकोन अजून दिसतो, त्यावर रॉकेलचा बोळाही चालला नाही.

तीन आठवड्यांनी तो पोरगा बल्ब घ्यायला आला. शेठनी पाकीट दिलं, कारण सांगितलं, नानांना हाक मारून पुढं उभं केलं. त्यानं नोटा मोजल्या, मान हलवली आणि खिशात घातल्या. मग बल्बचे पैसे रोख दिले.